पापकर्तरीतला शुक्र आणि सप्तम स्थान

कुंडलीतील एखाद्या स्थानाच्या मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही राशींत पापग्रह बसले असतील, तर ते स्थान पापकर्तरीत सापडले असे फलज्योतिषात म्हणतात. हीच गोष्ट ग्रहालाही लागू होते. मागची रास म्हणजे त्यापासून मोजलेली बारावी आणि पुढची म्हणजे दुसरी. दोन्ही बाजूंना शुभग्रह असले तर तीच रचना शुभकर्तरी ठरते आणि ती संरक्षक मानली जाते. रवी, मंगळ, शनी, राहू आणि केतू हे या हिशेबातले पापग्रह, तर गुरू आणि शुक्र हे शुभ. चंद्र क्षीण असेल तर पापग्रहांत मोजतात आणि बुध ज्याच्या सोबत बसेल त्याच्यासारखा होतो. योगाचे नाव कात्रीवरून आले आहे: दोन बाजूंचे ग्रह ही दोन पाती आणि मधला ग्रह किंवा स्थान त्यांच्यामध्ये अडकलेले.

विवाहाच्या संदर्भात ही कर्तरी दोन ठिकाणी पाहिली जाते. एक सप्तम स्थान आणि दुसरा शुक्र. वरवर पाहता दोन्हींचे फळ एकच सांगितले जाते, विवाहाला विलंब आणि सहजीवनात कोंडी. पण दोन्ही ठिकाणी ही कोंडी वेगळ्या कारणाने होते असे मानले जाते, आणि ती किती खरी धरायची हे ठरवण्याचे नियमही वेगळे आहेत.

सप्तम स्थानाची कोंडी

सप्तम स्थान म्हणजे लग्नाच्या बरोबर समोरचे स्थान. जोडीदार, विवाह आणि व्यवसायातली भागीदारी या गोष्टी तिथून पाहतात. त्याला कर्तरीत धरायचे तर पापग्रह षष्ठात आणि अष्टमात असावे लागतात. त्यामुळे या कर्तरीचे फळ सांगताना त्या दोन स्थानांचा अर्थ आपोआप आत येतो. षष्ठ हे कर्ज, आजार, शत्रू आणि वादाचे स्थान. शिवाय सप्तमापासून ते बारावे, म्हणजे विवाहसुखाचे व्ययस्थान. अष्टम हे अडथळ्यांचे आणि गुप्त गोष्टींचे स्थान, स्त्रीच्या पत्रिकेत मांगल्याचे स्थान. सप्तमापासून ते दुसरे, म्हणजे जोडीदाराचे धन आणि कुटुंब. अशा पत्रिकेत जोडीदार वाईट असतो असे ज्योतिषी म्हणत नाहीत. विवाहाच्या एका बाजूला वाद किंवा जबाबदारी आणि दुसऱ्या बाजूला सासरच्या घराशी किंवा पैशाशी जोडलेली अडचण उभी राहते, असे ते सांगतात. स्थळे येतात, बोलणी पुढे जातात आणि बाहेरच्या एखाद्या कारणाने मोडतात, हे या कर्तरीचे नेहमीचे वर्णन आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. अष्टमातल्या मंगळामुळे पत्रिका मंगळाचीही ठरते, कारण महाराष्ट्रात प्रथम, चतुर्थ, सप्तम, अष्टम आणि व्यय या स्थानांतला मंगळ दोषकारक मानतात. मंगळदोष हा मंगळाच्या एकट्याच्या बैठकीवर ठरतो. कर्तरीला मात्र षष्ठात दुसरा पापग्रह असणे आवश्यक आहे. एका मंगळाचे दोन दोष दोन नावांनी मोजले गेले की पत्रिका आहे त्याहून दुप्पट वाईट दिसू लागते.

शुक्राची कोंडी

शुक्र हा प्रेम, आकर्षण, सौंदर्यदृष्टी आणि विवाहाचा कारक ग्रह. पुरुषाच्या पत्रिकेत तो पत्नीचाही कारक. तो ज्या राशीत असेल तिच्या दोन्ही बाजूंना पापग्रह असले तर कोंडी बाहेरच्या परिस्थितीची न मानता व्यक्तीच्या आतली मानतात. ओढ असते, पण व्यक्त होत नाही. नात्यात मोकळेपणा येण्याआधी काहीतरी आड येते. काय आड येते हे पात्यांवरून ठरवतात. रवी असेल तर मानापमान, घराण्याची प्रतिष्ठा किंवा वडिलांचा शब्द. मंगळ असेल तर घाई आणि भांडण. शनी असेल तर वय, कर्तव्य, पैशाची काळजी आणि दीर्घ प्रतीक्षा. राहूमुळे संशय किंवा रूढीबाहेरचे नाते येते, केतूमुळे विरक्ती.

शुक्राच्या कर्तरीला आकाशाचीच एक मर्यादा आहे. पृथ्वीवरून पाहताना शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त सुमारे ४७ अंश दूर जाऊ शकतो. एक रास ३० अंशांची, त्यामुळे रवी बहुतेक वेळा शुक्राच्याच राशीत किंवा शेजारच्या राशीत असतो. शेजारी असला की एक पाते आयतेच तयार होते आणि दुसऱ्या बाजूला मंगळ, शनी, राहू किंवा केतू यांपैकी कोणीही आला की कर्तरी पूर्ण. म्हणून शुक्र पापकर्तरीत असणे हे सप्तम स्थान कर्तरीत असण्यापेक्षा बरेच जास्त वेळा घडते. राहू आणि केतू नेहमी समोरासमोर असतात, त्यामुळे त्या दोघांची मिळून कर्तरी मात्र कधीच होऊ शकत नाही. असे सांगणारा एकतर कुंडली चुकीची वाचतो किंवा ती चुकीची मांडली गेली आहे.

ग्रंथांत काय आहे

दोन पापग्रहांमध्ये सापडलेल्या शुक्राचा उल्लेख जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहज्जातका’च्या अनिष्टाध्यायात तो केला आहे आणि तिथले फळ कठोर आहे: थेट पत्नीचा मृत्यू. मंत्रेश्वराच्या ‘फलदीपिके’त शुभकर्तरी आणि पापकर्तरी हे योग म्हणून येतात. आज ज्योतिषी सांगतात ते विलंब, मोडलेली बोलणी आणि नात्यातली घुसमट हे फळ त्या मानाने खूपच सौम्य झालेले आहे.

कर्तरीची सर्वांत काटेकोर व्याख्या मात्र जन्मकुंडलीच्या ग्रंथांऐवजी मुहूर्ताच्या ग्रंथात सापडते. राम दैवज्ञाने काशीत शके १५२२ मध्ये, म्हणजे इ. स. १६०० च्या सुमारास लिहिलेला ‘मुहूर्तचिंतामणी’ आजही पंचांगकर्ते आणि पुरोहित प्रमाण मानतात. त्याच्या विवाहप्रकरणात विवाहलग्नाला कर्तरीदोष केव्हा लागतो ते दिले आहे. बाराव्यातला पापग्रह मार्गी हवा आणि दुसऱ्यातला वक्री हवा. बाराव्यातला पुढे सरकतो, दुसऱ्यातला मागे येतो आणि दोन्ही पाती मधल्या लग्नाकडे मिटत जातात. दोन्ही ग्रह एकाच दिशेने चालले असतील, तर एक पाते जवळ येताना दुसरे दूर जात असते.

ही अट लक्षात घेतली की पाती कोण होऊ शकते ते फार आखूड होते. रवी कधीच वक्री होत नाही, म्हणून तो पुढच्या बाजूचे पाते होऊ शकत नाही. राहू-केतू नेहमी उलटे चालतात, म्हणून ते मागच्या बाजूचे पाते होऊ शकत नाहीत. मंगळ सुमारे २६ महिन्यांतून एकदा साधारण अडीच महिने वक्री असतो, शनी दरवर्षी साधारण साडेचार महिने.

हीच कसोटी शुक्राला लावली तर आणखी एक गोष्ट दिसते. मंगळ आणि शनी सूर्यापासून फार दूर, जवळपास त्याच्या समोर असतानाच वक्री होतात. शनीचे हे अंतर सुमारे १०८ अंशांपासून पुढे सुरू होते, मंगळाचे त्याहूनही पुढे. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही आणि त्याच्या पुढच्या राशीतला ग्रह त्याच्यापासून ६० अंशांच्या आतच असतो. म्हणजे शुक्राच्या पुढच्या राशीतला शनी किंवा मंगळ वक्री असणे जवळजवळ अशक्य आहे. मुहूर्तग्रंथाच्या अर्थाने मिटणारी कर्तरी शुक्राला लागायची तर पुढे राहू किंवा केतूच हवा. जन्मपत्रिकेत बहुतेक ज्योतिषी गतीची अट लावत नाहीत, केवळ दोन बाजूंना पापग्रह आहेत एवढेच पाहतात. त्यामुळे व्याख्या सैल होते आणि योग सहज सापडू लागतो.

किती सहज, याचा ढोबळ हिशेब करता येतो. रवी, मंगळ आणि शनी कोणत्याही राशीत सारख्याच शक्यतेने असू शकतात आणि राहू-केतू समोरासमोर असतात, एवढेच धरले तर सप्तम स्थानाच्या दोन्ही बाजूंना किमान एकेक पापग्रह असण्याची शक्यता सुमारे १० टक्के येते. म्हणजे दहा पत्रिकांतली एक. बारा स्थानांपैकी प्रत्येकाला हीच शक्यता लागू असल्याने सरासरी प्रत्येक पत्रिकेत एखादे तरी स्थान पापकर्तरीत निघते.

एक पत्रिका

१० ऑक्टोबर १९८७ रोजी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पुण्यात जन्म झाला असे धरून निरयन पद्धतीने मांडलेली कुंडली उदाहरणादाखल घेता येते. लग्न मेष. सप्तमात तूळ रास आणि तिथे शुक्र सुमारे ६ अंशांवर, सोबत बुध. षष्ठात कन्या रास. तिथे रवी सुमारे २३ अंशांवर, मंगळ आणि केतू ७-८ अंशांच्या आसपास. अष्टमात वृश्चिक रास आणि तिथे शनी सुमारे २३ अंशांवर. गुरू लग्नात, मेषेच्या अगदी सुरुवातीला आणि वक्री. राहू बाराव्यात मीन राशीत.

या कुंडलीत सप्तम स्थान आणि शुक्र दोन्ही एकाच वेळी पापकर्तरीत आहेत. मागच्या बाजूला एक नव्हे तर तीन पापग्रह, पुढे शनी. मेष लग्नाला सप्तमाचा स्वामीही शुक्रच, त्यामुळे स्थान, त्याचा स्वामी आणि विवाहाचा कारक असे तिन्ही एकाच कचाट्यात आले. पुस्तकी पद्धतीने वाचणारा इथे थांबतो आणि विवाहसुख नाही असे सांगून मोकळा होतो.

अनुभवी ज्योतिषी पुढचे चार प्रश्न विचारतो. पहिला, मधला ग्रह किती बलवान आहे? शुक्र स्वराशीत आणि केंद्रात आहे, म्हणजे पंचमहापुरुष योगांपैकी मालव्य योग होतो. रवीपासून तो सुमारे १३ अंश पुढे असल्याने अस्तंगतही नाही, कारण मार्गी शुक्राला अस्ताची मर्यादा साधारण १० अंशांची मानतात. दुसरा प्रश्न अंतराचा. शुक्रापासून रवी १३ अंशांवर, पण शनी ४७ अंशांवर. मागचे पाते जवळ आहे, पुढचे लांब. तिसरा प्रश्न गतीचा. शनी मार्गी असून शुक्रापासून पुढेच चालला आहे आणि शुक्राची रोजची चाल रवीपेक्षा जास्त असल्याने रवी त्याला गाठत नाही. कर्तरी राशींवरून आहे, पण ती मिटत नाही. चौथा प्रश्न शुभग्रहाचा. लग्नातल्या गुरूची सातवी दृष्टी थेट तुळेवर आणि शुक्रावर पडते.

‘मुहूर्तचिंतामणी’त कर्तरीचे परिहारही आहेत. कर्तरी करणारे पापग्रह शत्रूच्या राशीत, नीच राशीत किंवा अस्तंगत असतील तर दोष लागत नाही असे तिथे सांगितले आहे. या कुंडलीत शनी मंगळाच्या वृश्चिक राशीत, म्हणजे शत्रूराशीत आहे. मंगळ रवीपासून सुमारे १५ अंशांवर असल्याने अस्तंगत आहे. पण रवी बुधाच्या कन्येत आहे आणि ती त्याची समराशी, त्यामुळे या परिहारातून तो सुटतो आणि मागचे पाते पुरते निकामी होत नाही. शिवाय हे परिहार मुहूर्तासाठी सांगितलेले आहेत. ते जन्मपत्रिकेला लावावेत का याविषयी ज्योतिषांत एकमत नाही. शत्रूराशीतला शनी दुबळा म्हणून कमी त्रास देतो असे काही मानतात. तो चिडलेला म्हणून जास्त त्रास देतो असे दुसरे मानतात. एकाच शनीवरून दोन विरुद्ध निष्कर्ष निघतात ते इथे.

सगळे जुळवून पारंपरिक वाचन असे निघते. विवाह होईल, जोडीदार रसिक आणि चांगला असेल, पण षष्ठातल्या रवी-मंगळामुळे घरच्यांचा विरोध किंवा स्पर्धा आणि अष्टमातल्या शनीमुळे जोडीदाराच्या घरच्या पैशांची किंवा आजारपणाची काळजी वाट्याला येईल. विवाह तिशीच्या आसपास किंवा त्यानंतर. नेमके केव्हा, ते चंद्राच्या नक्षत्रावरून निघणाऱ्या महादशा-अंतर्दशांवर ठरवतात: शनी, रवी किंवा मंगळ यांच्या अंतर्दशेत बोलणी अडतात आणि गुरूच्या किंवा शुक्राच्या अंतर्दशेत मार्गी लागतात, असे मानले जाते. गोचरीचा गुरू तूळ किंवा मेष राशीतून जात असेल तर तो काळ अनुकूल धरतात.

वेळ चुकली तर

शुक्राची कर्तरी आणि सप्तमाची कर्तरी यांत एक व्यावहारिक फरक आहे. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. वरच्या उदाहरणात जन्म रात्री नऊ वाजता झाला असता तर लग्न वृषभ होऊन सप्तमात वृश्चिक आणि शनी आला असता. त्या शनीच्या मागच्या तुळेत शुक्र आणि बुध, पुढच्या धनू राशीत एकही पापग्रह नाही. म्हणजे सप्तमाची कर्तरी संपली. शुक्राची कर्तरी मात्र तशीच राहिली असती, कारण ती जन्मवेळेवर अवलंबून नसते. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये शुक्र तूळ राशीत, रवी कन्येत आणि शनी वृश्चिकेत ही स्थिती सुमारे ६ ते १७ तारखेपर्यंत टिकली होती. त्या दिवसांत जगात कुठेही आणि कोणत्याही वेळी जन्मलेल्या प्रत्येकाचा शुक्र याच पापकर्तरीत आहे.

म्हणून जन्मवेळ अंदाजाने सांगितलेली असेल तर सप्तमाच्या कर्तरीवरून काहीही ठरवणे ज्योतिषाच्या स्वतःच्या नियमांनुसारही धोक्याचे ठरते. लग्न राशीच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी असेल तर भावचलित कुंडलीत एखादे पाते शेजारच्या स्थानात सरकते आणि राशीकुंडलीत दिसणारी कर्तरी उरत नाही. म्हणून एका कुंडलीत दिसलेला योग दुसरीत टिकतो का, हे आधी तपासले जाते.

पुराव्याची बाजू

फलज्योतिषाच्या भाकितांची चाचणी महाराष्ट्रात झालेली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले अशा दोन गटांच्या मिळून २०० पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाकडे ४० पत्रिका पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते विचारले. ज्या २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली त्यांची सरासरी बरोबर उत्तरे ४६ टक्के आली, म्हणजे नाणेफेकीने मिळाली असती त्याहूनही किंचित कमी. हा अभ्यास ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याचा विषय बुद्धिमत्ता होता, विवाह नव्हता.

कर्तरीची चाचणी मात्र तत्त्वतः त्याहून सोपी आहे, कारण योग आहे की नाही हे मतावर नाही तर मोजणीवर ठरते. व्याख्या आधी पक्की करावी लागेल: गती धरायची की नाही, अंतराला मर्यादा आहे का, परिहार मानायचे का. मग नोंदवलेल्या जन्मवेळा असलेल्या मोठ्या गटात, उशिरा लग्न झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या लोकांच्या पत्रिकांत सप्तमाची पापकर्तरी ढोबळ १० टक्क्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघते का, हे पाहायचे. ती तेवढीच निघाली तर योगाचा विवाहाशी संबंध नाही असा अर्थ होतो. व्याख्या निकालानंतर बदलली, म्हणजे लग्न उशिरा झालेल्या पत्रिकेत कर्तरी मोजली आणि वेळेवर झालेल्या पत्रिकेत तीच परिहाराने सोडून दिली, तर कोणतीही पत्रिका नियमात बसते आणि नियमातून काहीच सिद्ध होत नाही.